मदत हवी आहे: बिलावर "जीएसटीसह 4500", मूळ किंमत कशी काढायची?

विश्रामबाग_सांगली: 4500 चे 18 टक्के 810, ते वजा करून 3690 मूळ किंमत लिहिली. अकाउंटंट म्हणतो चूक आहे, पण का ते सांगत नाही. आज व्हाउचर द्यायचंय, लवकर सांगा.

कृष्णाकाठ: 3690 वर 18 टक्के लावून बघा, 4354.20 येतात. 4500 कुठे आले? कर मूळ किमतीवर बसतो, तुम्ही तो कर धरलेल्या रकमेवर काढलात. मूळ 100 असेल तर बिल 118 चं होतं, म्हणून 4500 ला 100 ने गुणून 118 ने भागा. मूळ 3813.56, कर 686.44. संपलं.

बाजारपेठ_मिरज: संपलं कसं? सगळ्या वस्तू 18 च्याच आहेत का? बिलात काय काय आहे?

विश्रामबाग_सांगली: मिक्सर 3450, स्टीलची भांडी 1050. त्याने काय फरक पडतो?

बाजारपेठ_मिरज: सगळाच पडतो. भांड्यांना 5 टक्के. पण बिल 22 सप्टेंबर 2025 च्या आधीचं असेल तर 12, म्हणून तारीख सांगा.

विश्रामबाग_सांगली: गेल्या महिन्यातलं.

सातारकर_७०: एमआरपीवर वरून जीएसटी लावणाऱ्या दुकानदाराची तक्रार कुठे करायची? एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात.

बाजारपेठ_मिरज: काका, त्यासाठी वेगळा धागा काढा. @विश्रामबाग, दर ओळीला वेगळं भागायचं. भांडी: 1050 ला 105 ने भागून 100 ने गुणलं की मूळ 1000, कर 50, म्हणजे सीजीएसटी 25, एसजीएसटी 25. मिक्सर: 3450 × 100 ÷ 118 = 2923.73. त्याचे 9 टक्के 263.14, दोनदा. बेरीज 3450.01 येते, तो एक पैसा राउंड ऑफमध्ये वजा दाखवा. एक्सेलमध्ये किंमत A2 मध्ये, दर B2 मध्ये नुसता 18 असा टाका:

```
=ROUND(A2*100/(100+B2),2)
```

कृष्णाकाठ: राउंड ऑफ कशाला? 3450 मधून 2923.73 वजा केले की कर 526.27, बरोबर बसतं.

बाजारपेठ_मिरज: मग 526.27 चे दोन समान भाग करून दाखवा. 263.135 कुठल्या खात्यात लिहिणार? सांगलीतलं दुकान, सांगलीतलंच गिऱ्हाईक, तेव्हा सीजीएसटी आणि एसजीएसटी सारखेच हवेत. परराज्यातला आयजीएसटी असता तर तुमची वजाबाकी चालली असती.

कृष्णाकाठ: आयजीएसटीचं मान्य. पण एका पैशासाठी वेगळी ओळ नको वाटते.

हिशेबनीस_कराड: दोघेही थांबा. बिलाच्या डोक्यावर "टॅक्स इन्व्हॉइस" आहे की "बिल ऑफ सप्लाय"? दुकानदार कंपोझिशनमध्ये असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून कर घेताच येत नाही. मग काढायला करच नाही, पूर्ण 4500 खर्चात जातील. टॅक्स इन्व्हॉइस असेल तर वस्तूसमोर एचएसएन पण बघा: मिक्सर 8509, स्टीलची भांडी 7323.

विश्रामबाग_सांगली: माझ्याकडे फक्त फोटो आहे आणि त्यात वरची पट्टी कापली गेलीय. मूळ बिल ऑफिसात. व्हाउचर आज थांबवतो, सोमवारी बघून इथेच लिहितो.