गेमवरून मालिका: बदल कुठला चालतो आणि कुठला नाही?

चौथाडाव:
'द लास्ट ऑफ अस'चे दोन्ही सीझन पाहिले, 'हेलो'चा पहिला सीझनही पाहिला. पहिल्या मालिकेने बिल आणि फ्रँकची गोष्ट पार उलटी करून टाकली, तरी लोकांनी तो भाग डोक्यावर घेतला. दुसरीत नायक मास्टर चीफने नुसतं हेल्मेट काढलं तर केवढा गदारोळ. मग गेमशी इमान राखायचं म्हणजे नक्की काय राखायचं? (पुढे स्पॉयलर येणारच, ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी इथेच थांबा.)

निळीशाई:
बिलपासूनच सुरुवात करते, कारण तिथे सगळं स्वच्छ दिसतं.

२०१३च्या गेममध्ये बिलचं गाव हा मुख्यतः खेळण्याचा भाग आहे. त्याने जागोजागी लावलेले सापळे चुकवायचे, गाडीची बॅटरी शोधायची, शाळेत घुसायचं, बुरशीने संसर्गित झालेल्या तिथल्या धिप्पाड माणसाला मारायचं. त्याचा जोडीदार फ्रँक आपल्याला जिवंत भेटतच नाही, गळफास घेतलेला सापडतो. त्याच्या चिठ्ठीत बिलबद्दल फक्त तिरस्कार आहे. एली या मुलीला सोबत घेऊन निघालेल्या जोएलला तिथे एक इशारा मिळतो: माणसांना जवळ करशील तर असं होतं, आणि नाही केलंस तर बिलसारखा एकटा उरशील.

मालिकेतून खेळणं काढलं की त्या दोन-तीन तासांत उरतं काय? दोन माणसं बॅटरी शोधताहेत, एवढंच. म्हणून मालिकावाल्यांनी तो वेळ बिल-फ्रँकच्या जवळपास सोळा वर्षांच्या सहवासाला दिला. पण चिठ्ठी ठेवली! फरक इतकाच की आता ती बिलने जोएलसाठी लिहिलेली आहे: माझ्या आयुष्यात राखण्यासारखं एक माणूस होतं, तसं तुलाही आहे, तुझ्या साथीदार टेसला जप. जोएल ते वाचतो तेव्हा टेस आधीच गेलेली असते. मजकूर उलटा आहे, तरी चिठ्ठीने करायचं काम तेच. जोएलला एली स्वीकारायला भाग पाडायचं.

माझ्या मते इमान राखायचं ते या कामाशी. प्रसंग जसाच्या तसा उचलून काही होत नाही.

कंट्रोलरवाला:
मांडणी छान आहे, पण मला पटत नाही. 'काम तेच आहे' असं म्हणून कुठलाही बदल खपवता येईल. चाहत्यांचं मन इतकं तरल नसतं आणि असायची गरजही नाही. आम्ही त्या जगात शेकडो तास घालवलेले असतात. तिथे काय घडू शकतं, काय नाही, हे आम्हाला अंगवळणी पडलेलं असतं. नवी गोष्ट सांगा, नवी माणसं आणा, हरकत नाही. नियम मोडू नका.

'फॉलआउट' बघा. २०२४च्या मालिकेत गेममधली एकही गोष्ट घेतलेली नाही, कथा २२९६ सालात, म्हणजे सगळ्या गेम्सच्या पुढे ठेवलीय. तरी चाहते खूश होते. भांडण झालं ते एका फळ्यावरून. व्हॉल्ट ४ मधल्या वर्गात फळ्यावर लिहिलंय, शेडी सँड्सचा पाडाव, २२७७. पुढे बाण आणि अणुस्फोटाचं चित्र. आता 'न्यू वेगास' हा गेम घडतो २२८१ मध्ये, आणि त्यात शेडी सँड्स ज्याची राजधानी, ते प्रजासत्ताक चांगलं उभं आहे. म्हणजे तुम्ही आमचा खेळलेला गेमच पुसला की काय? शेवटी निर्मात्यांना सांगावं लागलं की २२७७ ही पडझडीच्या सुरुवातीची तारीख आहे, बॉम्ब 'न्यू वेगास'नंतर पडला.

पडद्यावर काही सेकंद दिसलेला फळा, आणि त्यावर एवढा वाद. याला मी चाहत्यांची अपेक्षा म्हणतो.

निळीशाई:
मग 'द लास्ट ऑफ अस'ने नियमच मोडला होता त्याचं काय? गेममध्ये संसर्ग हवेतल्या बीजाणूंनीही पसरतो, म्हणून तळघरात शिरलं की गॅस मास्क. पहिल्या सीझनमध्ये बीजाणू काढून टाकले आणि जमिनीखालून जोडलेले बुरशीचे तंतू आणले. मास्कखाली नटांचे चेहरे झाकले गेले असते, हे त्यामागचं एक कारण. चाहते आधी कुरकुरले, पण मालिका सोडून कोणी गेलं नाही.

कंट्रोलरवाला:
आणि दुसऱ्या सीझनमध्ये बीजाणू परत आणावे लागले. उगाच आणले का?

रानवाट:
मला हा वाद वाजवीपेक्षा लांबलेला वाटतो. मूळ गेम बनवणारा माणूस सोबत असला की मालिका जमते, नसला की फसते. 'द लास्ट ऑफ अस'मध्ये नील ड्रकमन स्वतः पटकथाकार क्रेग मेझिनबरोबर बसला होता. 'आर्केन'मागे गेमची कंपनीच उभी होती. 'हेलो'वाल्यांनी गेमपासून वेगळी टाइमलाइन काढली आणि दोन सीझनमध्ये गाशा गुंडाळला. संपलं की!

निळीशाई:
यात तथ्य आहे, पण अर्धंच. 'फायनल फँटसी: द स्पिरिट्स विदिन' हा २००१चा चित्रपट दिग्दर्शित केला होता हिरोनोबू साकागुचींनी. ही गेममालिका ज्यांनी जन्माला घातली, तेच. सगळा अधिकार त्यांच्या हातात होता, तंत्र त्या काळाच्या पुढचं होतं. तरी सुमारे १३.७ कोटी डॉलर खर्चून चित्रपटाने ८.५ कोटींच्या आसपास कमावले. 'असॅसिन्स क्रीड'च्या २०१६च्या चित्रपटातही युबिसॉफ्टचा स्वतःचा चित्रपट विभाग सामील होता, तरी समीक्षकांनी तो झोडपलाच.

मूळ माणूस सोबत असला तर एक फायदा नक्की होतो. कुठला प्रसंग कशासाठी घातला होता हे त्याला माहीत असतं. पण त्याला पडद्याचं गणित येईलच असं नाही. ड्रकमनला मेझिन मिळाला, तसा दुसरा माणूसही लागतो.

अर्धविराम:
हे दोन्ही बाजूंनी होतंच की. १९८२मध्ये अटारीने 'ई.टी.' चित्रपटावर जेमतेम पाच-सहा आठवड्यांत गेम बनवला आणि तो आपटला. उलट 'गोल्डनआय' चित्रपट १९९५चा, त्यावरचा गेम १९९७ला आला आणि आजही लोक त्याची आठवण काढतात. सावकाश बनवला की चांगला होतो.

चौथाडाव:
अर्धविराम, मी उलट दिशेचं विचारतोय, गेमवरून चित्रपट-मालिका. पण घाईचा मुद्दा इकडेही लागू पडतो. 'सॉनिक'चा २०१९चा ट्रेलर पाहून लोक सॉनिकच्या माणसासारख्या दातांवर इतके चिडले की पात्र नव्याने घडवलं आणि चित्रपट नोव्हेंबर २०१९वरून फेब्रुवारी २०२०वर नेला. तो वेळ घेतला म्हणून वाचला.

निळीशाई, तुम्ही हेल्मेटबद्दल काहीच बोलला नाहीत.

निळीशाई:
बोलते. हेल्मेटचं प्रकरण कंट्रोलरवाला म्हणतात त्या नियमांत बसत नाही. जॉनचा, म्हणजे मास्टर चीफचा, चेहरा हे काही 'हेलो'च्या जगातलं गुपित नाही, कादंबऱ्यांत त्याचं वर्णन आहे. गेममध्ये बहुतेक वेळ आपण त्याला बाहेरून पाहत नाही, त्याच्या काचेतून जग पाहतो. तो फार बोलत नाही, चेहरा दिसत नाही, म्हणून ती जागा खेळणाऱ्याची होते. मालिकेने पहिल्याच भागात तिथे एका नटाचा चेहरा बसवला. लोकांना राग आला तो जागा गेल्याचा. ती घ्यायलाही हरकत नव्हती, पण बदल्यात तितकाच जिवंत माणूस द्यायला हवा होता. तो दिला नाही.

जोएलचं तसं नव्हतं. तो आधीपासूनच दुसरा माणूस होता, आपण फक्त त्याला चालवत होतो.

खिडकीपाशी:
मी गेम खेळत नाही. माझा भाऊ खेळतो, त्याच्या आग्रहाने 'द लास्ट ऑफ अस' पाहिली. पहिल्या सीझनच्या शेवटी एलीला सोडवायला जोएल दवाखान्यात सगळ्यांना मारत सुटतो तेव्हा मी भावाला म्हटलं, हा माणूस चुकतोय. तो म्हणाला, 'ताई, तू गोळी झाडली नाहीस म्हणून तुला असं वाटतं.' तेव्हा मला ते कळलं नव्हतं. कुणी समजावून सांगेल का?

निळीशाई:
तुमच्या भावाने नेमकं बोट ठेवलंय. गेममध्ये शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरल्यावर सर्जन हातात स्काल्पेल घेऊन आडवा उभा राहतो. बाकी दोघांना तुम्ही सोडू शकता. त्याला नाही. तुम्ही कितीही वेळ थांबा, त्याला मारल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. काहींनी आधी पायावर गोळी झाडून पाहिली, तरी तो मरतोच. तोवर कित्येक तास एलीला सांभाळून आणलेलं असतं, म्हणून बोट आपोआप दाबलं जातं. मग कळतं की हे आपण केलं.

मालिकेला तो दबाव आणता येत नाही. म्हणून तिथे आवाज खाली नेले, गोळीबारावर संगीतकार सांतोलायाचं उदास संगीत ठेवलं आणि जोएलला बाहेरून दाखवलं, शांत आणि थंड. तुम्हाला तो चुकतोय असं वाटलं, तिथे मालिका जमली.

कंट्रोलरवाला:
मग दुसऱ्या सीझनकडे या, कारण तुमचं तत्त्व तिथे अडकतं. गेमच्या दुसऱ्या भागात ॲबी जोएलला का मारते हे आम्हाला कितीतरी तास कळत नाही. एली होऊन सिएटलमध्ये तीन दिवस तिच्या माणसांना मारत जायचं, आणि मग थिएटरमध्ये खेळ थांबतो आणि हातात ॲबी येते. तेव्हा कळतं की तो सर्जन तिचा बाप होता. मला अजून आठवतं, मी कंट्रोलर खाली ठेवला होता. मालिकेने पहिल्याच भागात ॲबीला थडग्यांपाशी उभं करून सूड बोलून दाखवला. तो धक्काच गेला.

निळीशाई:
तुम्ही तिचा द्वेष केला, पण तिला सांभाळलंही होतं. सुरुवातीला बर्फात संसर्गितांच्या झुंडीतून ॲबीला पळवत नेणारे हात तुमचेच होते. पुढे अर्धा गेम तिचाच होणार होता. मालिकेत ते हात नाहीत. कारण लपवलं असतं तर प्रेक्षकांसाठी ती कित्येक महिने नुसती खलनायिका राहिली असती.

कंट्रोलरवाला:
राहू द्यायची होती! तेच तर करायचं होतं. आणि आता झालंय काय, सीझन थिएटरपाशी थांबवला, ॲबीचा पहिला दिवस फक्त सुरू करून दाखवला. कारण आधी सांगितलं, माणूस मात्र दाखवला नाही. गेममध्ये थिएटरनंतर मी त्याच रात्री पुढे खेळलो. इथे पुढच्या सीझनची वाट.

निळीशाई:
या दुसऱ्या मुद्द्यावर तुमच्याशी भांडता येणार नाही. सात भागांत कथा अशा जागी तोडली की कारण आधी सांगण्याचा फायदाही पदरात पडला नाही. मात्र कारण लपवायला हवं होतं, हे अजून पटत नाही.

खिडकीपाशी:
मला कारण आधी कळलं होतं, तरी जोएल मेल्यावर मला ॲबीचा रागच आला आणि तो गेलेला नाही. भाऊ म्हणतो तिच्या बाजूने खेळल्यावर जातो. आता तिसरा सीझन येईपर्यंत थांबू की गेमच खेळायला घेऊ?

कंट्रोलरवाला:
गेम घ्या. पहिल्यापासून, सोप्या लेव्हलवर. आणि ॲबी हातात आली की थांबू नका.

निळीशाई:
मी म्हणेन थांबा. न खेळलेल्या माणसाचा राग मालिकेला घालवता येतो का, हे तुमच्याकडूनच कळेल. आम्हा दोघांना ते आता तपासता येणार नाही.