मदत हवी आहे: लिथियम-आयन कपॅसिटर २.२ व्होल्टच्या खाली गेला

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या कुळागरात ओहोळाची पातळी मोजणारं एक यंत्र बसवलंय. छोटं सोलर पॅनेल, मोडेम आणि २५० फॅरडचा लिथियम-आयन कपॅसिटर. साधा सुपरकपॅसिटर आपोआप उतरतो, हा महिनोन्‌महिने चार्ज धरतो, म्हणून घेतला.

पण हिशेबात चुकलो. साधा सुपरकपॅसिटर शून्यापर्यंत रिकामा करता येतो. याच्या एका बाजूला बॅटरीसारखा, आधीच लिथियम भरलेला कार्बन असतो, त्यामुळे ३.८ ते २.२ व्होल्ट एवढाच पट्टा वापरायचा. त्यात मिळतात साधारण १२०० ज्यूल. एक मेसेज २० ज्यूल खातो, म्हणजे साठ मेसेज. तासाला एक धरला तर अडीच दिवस. आणि जुलैत इथे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही! १८६५० सेलमध्ये याच्या पंचवीसपट ऊर्जा मावली असती, हे आता कळतंय.

व्होल्टेज घसरलं तरी बूस्ट कन्व्हर्टर ओढतच राहिला. उघडून बघितलं तर १.४ व्होल्ट, आणि डब्याचं बूड फुगलेलं. २.२ च्या खाली ऋण बाजूचं तांबं विरघळायला लागतं म्हणे, तेव्हा तो गेलाच असं धरतो.

नवीन लावताना २.५ व्होल्टला लोड तोडायचा विचार आहे. पण मोडेम सुरू होताना व्होल्टेज क्षणभर दबतं आणि सर्किट उगाच तुटतं. परत जोडणी २.९ ला ठेवू, की तोडण्याआधी थोडा विलंब देऊ? कोणी केलंय का असं?