मदत हवी आहे: स्किझोफ्रेनियाच्या माहितीपत्रकातलं उन्हाळ्याचं पान तपासून द्या

रामदासपेठकर
घरी स्किझोफ्रेनियाचा माणूस आहे अशा कुटुंबांच्या गटासाठी चार पानी माहितीपत्रक करतोय. तीन पानं झाली, उन्हाळ्याच्या पानावर गाडी अडली. मसुद्यात सध्या एवढंच आहे: औषधं बंद करू नका, भरपूर पाणी पाजा, जाड कपडे काढायला लावा, ताप आला तर डॉक्टरांकडे न्या.

उदाहरण म्हणून घेतलेला माणूस असा. वय ३४, रात्री रिस्पेरिडोन ४ मिलिग्रॅम, शिवाय ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम सकाळ-दुपार. खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेला स्लॅब. मे महिन्यातही स्वेटर आणि कानटोपी घालून बसतो, कूलर लावू देत नाही. आई म्हणते, "गोळ्या उष्ण पडून राहिल्या त्याला, नवतपा जाईपर्यंत बंद ठेवते."

या आईला पानातून नेमकं काय सांगायचं?

मानेवाडा_चौक
उष्ण तर पडतातच ना राजेहो. उन्हाळ्यात डोस अर्धा करावा. कैरीचं पन्हं द्यावं, बाहेर जाताना खिशात कांदा ठेवावा, अंग तापलंच तर क्रोसिन. काहून एवढा विचार करता?

परिचारिका_२२
अर्धा डोस आणि क्रोसिन, या दोन गोष्टी पानावर अजिबात नकोत.

आईला मात्र खोटं पाडू नका, तिचं निरीक्षण बरोबर आहे. घाम आला की अंग थंड होतं. ट्रायहेक्सिफेनिडिल नेमका घामच कमी करतं. रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी अंगाचं तापमान सांभाळायचं मेंदूचं कामही थोडं बिघडतं. म्हणून हा माणूस घरातल्या इतरांपेक्षा लवकर तापतो. चूक आहे ती उपायात. गोळ्या बंद केल्या की पहिले आठ-पंधरा दिवस तो उलट बरा दिसतो. सुस्ती जाते, हातापायांचा ताठरपणा कमी होतो. घरचे म्हणतात, बघा, गोळ्यांचाच त्रास होता. झोप उडणं, पुटपुटणं, जेवणावर संशय हे पुढे काही आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी सुरू होतं. तोवर पाऊस लागलेला असतो आणि मे महिन्यातल्या बंद गोळ्या कोणाच्या ध्यानातही राहत नाहीत. पानावर ही तारखांची साखळीच लिहा. नुसतं "बंद करू नका" आईने दहादा ऐकलंय.

आणि डॉक्टरांना विचारायचा प्रश्न तिच्या हाती द्या: "ट्रायहेक्सिफेनिडिल अजून लागतंच का, कमी करता येईल का?" हे औषध थरथर आणि ताठरपणासाठी असतं. पुष्कळदा सुरुवातीला लावलेलं वर्षानुवर्षं तसंच चालू राहतं. पण तेही घरच्या घरी एकदम बंद करू नये, ताठरपणा उसळतो.

वाळ्याची_ताटी
"भरपूर पाणी पाजा" हे काढा. स्किझोफ्रेनियात काही माणसं आधीच बेसुमार पाणी पितात, नळाला तोंड लावून, रात्री उठून, दिवसाला आठ-दहा लिटर. त्यांना आणखी पाजलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. मग डोकेदुखी, उलटी, असंबद्ध बोलणं, शेवटी फिट. असंबद्ध बोलणं घरच्यांना आजारच वाढल्यासारखं वाटतं, तिथे फसगत होते.

ओळखायचा सोपा मार्ग वजनकाटा. सकाळी लघवीनंतर एकदा आणि संध्याकाळी एकदा वजन करा. साठ किलोच्या माणसाचं एका दिवसात तीन किलो वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. इतरांसाठी साधा नियम: त्याच्या नावाची एक लिटरची बाटली भरून ठेवायची आणि संध्याकाळपर्यंत किती वेळा रिकामी झाली ते बघायचं. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय.

पन्ह्याबद्दल: ओलान्झापिन किंवा क्लोझापिन घेणाऱ्यांचं वजन आणि साखर वाढते. गुळाचं पन्हं रोज तीन पेले म्हणजे उन्हाळाभर गोडाचा रतीब. मीठ-जिरं घातलेलं ताक बरं.

धंतोली_ताई
मध्येच विचारते, माफ करा. भाऊ क्लोझापिन ३०० मिलिग्रॅमवर आहे. लग्नाच्या गडबडीत चार दिवस गोळ्या चुकल्या. आज रात्रीपासून पूर्ण डोस सुरू करू ना?

परिचारिका_२२
नको ताई. क्लोझापिन ४८ तासांपेक्षा जास्त चुकलं की पूर्ण डोसने सुरू करायचं नसतं, रक्तदाब एकदम पडतो, फिटही येऊ शकते. पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढवत नेतात. आजच त्याच्या डॉक्टरांना फोन करा. लागला नाही तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलीमानस १४४१६, मराठीत बोलता येतं.

रामदासपेठकर, क्लोझापिनवाल्यांसाठी पानात वेगळी चौकट करा. त्यात दोनच गोष्टी. ताप किंवा घसा दुखला तर "ऊन लागलं" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासा. आणि पाणी कमी पडून दोन-तीन दिवस शौचाला झालं नाही तर लगेच कळवा. या औषधाने आतडी मंदावतात आणि ते जिवावर बेतू शकतं.

रामदासपेठकर
ताई, भावाचं काय झालं ते कळवा.

आता ताप. ऊन लागलं की औषधाचा दुष्परिणाम, हे आईने कसं ओळखायचं?

वाळ्याची_ताटी
घरी ओळखत बसायचंच नाही, दोन्हीत थेट नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाची कॅज्युअल्टी. सांगण्यापुरता फरक असा: ऊन लागलेला माणूस बहुधा ढिला पडतो. औषधाच्या दुष्परिणामात अंग लाकडासारखं ताठतं, कोपर दुमडता दुमडत नाही, घाम फुटतो. औषध नुकतं सुरू केलंय किंवा डोस वाढवलाय तेव्हा हा धोका जास्त. अंग भाजतंय आणि माणूस भलतंच बोलतोय, एवढ्यावर निघायचं. वाटेत ओला पंचा, वारा, काखेत आणि जांघेत बर्फ. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी नको. क्रोसिनचा इथे उपयोग नाही. गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या, कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न तोच असतो.

परिचारिका_२२
स्वेटरवर भांडण घालू नका. "काढ आधी!" म्हटलं की तो खोलीचं दारच लावून घेतो. आधी कारण विचारा. कूलरच्या घरघरीत काहींना आवाज जास्त ऐकू येतात, मग तो बंद ठेवणं त्याच्या दृष्टीने बरोबरच असतं. "आवाज येत नाहीत, भास आहे" असं म्हणू नये, "हो, मलाही येतात" असंही नाही. एवढंच म्हणा: "तुला त्रास होतो ते कळतंय. मला ऐकू येत नाही. खाली बसतोस की कूलर दाराबाहेर ठेवू?" दोनच पर्याय, एका वेळी एकच वाक्य. दुपारी बारा ते चार त्याला तळमजल्यावर आणता आलं तरी पुष्कळ झालं. स्वेटरऐवजी सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट बहुतेकांना चालतो. झाकलं जाण्याची गरज भागते.

मानेवाडा_चौक
कांदा तरी राहू द्या बाप्पा.

परिचारिका_२२
राहू द्या, टोपी आणि पाण्याची बाटली मात्र सोबत.

रामदासपेठकर
साखळी, वजनकाटा, चौकट आणि कूलरचं वाक्य घेतलं. एक अडचण उरलीच. तो खालीही येत नाही, कूलरही नको म्हणतो, आणि स्लॅब तापलेला. अशा वेळी घरच्यांनी जबरदस्ती कुठल्या टप्प्याला करावी?

वाळ्याची_ताटी
शुद्धीत आहे, बोलणं नेहमीसारखं आहे तोवर नाही. गच्चीवर हिरवी नेट आणि स्लॅबला चुना, एवढं त्याला न विचारताही करता येतं.

परिचारिका_२२
मी तर थर्मामीटरवर १०१ दिसलं की थांबणार नाही. बोलणं बिघडेपर्यंत उशीर होतो. पण तो थर्मामीटर लावू देईल का, हा प्रश्न आहेच.