मदत हवी आहे: खिडकीच्या सांध्याला सिलिकॉन काढून पीयू भरायचंय

म्हापशाला आमच्या पश्चिमेकडच्या खिडकीतून पावसात पाणी झिरपतं. ॲल्युमिनियमच्या चौकटीला जुनं सिलिकॉन घट्ट आहे, पण गिलाव्याकडून नखाने सुटतं आणि त्यावर रंगही धरत नाही. सिंकला सिलिकॉनच राहू दे; बाहेर रंग मारता येतो म्हणून पॉलियुरेथेन, म्हणजेच पीयू भरणार. सांधा 12 मिमी रुंद, म्हणून मागे फोमची दोरी दाबून खोली 6 मिमी ठेवेन. मिस्त्री म्हणतो, जुन्यावरूनच मारूया! अहो, सिलिकॉनवर पीयू धरतच नाही. ब्लेडने खरवडल्यावर गिलाव्याच्या छिद्रांत उरलेलं सिलिकॉन कसं काढता? ग्राइंडरने कड घासून ताजा गिलावा उघडा करावा का? आणि भिंत कोरडी झाल्यावर तिथे प्रायमर मारलाच पाहिजे का? कोणी केलं असेल तर सांगा.