थंबनेल चाचणीचा एकच निकाल, दोन वाचने

इराणी_चहा: मुंबईतील जुन्या इराणी हॉटेलांवरच्या एका यूट्यूब व्हिडिओसाठी मी दोन थंबनेल एक दिवसाआड आलटून पालटून लावली. दुकानाच्या पाटीला १,२०० इंप्रेशनवर ४८ क्लिक मिळाले, बनमस्क्याच्या बशीला तितक्याच इंप्रेशनवर ६३. एक कॅल्क्युलेटर म्हणतो की फरक लक्षणीय नाही. दुसरा म्हणतो की बशी सरस असण्याची शक्यता ९३ टक्के आहे. कोणाचे मानावे?

माटुंगा_पूर्व: पहिल्याचे. या आकड्यांचे पी-मूल्य, म्हणजे थंबनेल सारखीच असती तरी एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, सुमारे ०.१४ येते, म्हणून दोन्ही थंबनेल सारखीच आहेत असे धरून चालावे. ४ टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांवर जाणारा फरक दहापैकी आठ वेळा हाती लागावा असे वाटत असेल, तर प्रत्येक थंबनेलला सुमारे ४,४०० इंप्रेशन हवीत. तेवढी होईपर्यंत निकाल काढू नये.

गिरगाव_गणित: शेवटची दोन वाक्ये मान्य, पण ‘सारखीच आहेत’ हे त्या पी-मूल्यातून निघत नाही. खरा फरक बशीच्या विरुद्ध अर्ध्या टक्क्यापासून तिच्या बाजूने जवळजवळ तीन टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो, एवढेच ही आकडेवारी सांगते. मात्र ९३ टक्क्यांनी हुरळून जाण्याचेही कारण नाही. त्या कॅल्क्युलेटरने आधी काहीच ठाऊक नसल्याचे गृहीत धरले आहे, आणि तसे धरले की बेझियन उत्तर, म्हणजे आधीची धारणा आणि नवे आकडे जोडून काढलेली शक्यता, एकतर्फी पी-मूल्याचीच उलटी बाजू ठरते: इथे ते ०.०७ आहे, म्हणून उरलेले ९३. पुरावा तोच आहे, फक्त ऐकायला अधिक आश्वासक.

बेझियन पद्धतीचा खरा उपयोग पूर्वधारणा प्रामाणिकपणे मांडण्यात आहे. समजा, तुमच्या जुन्या व्हिडिओंत थंबनेल बदलल्यावर क्लिकचा दर तीनपैकी दोन वेळा एका टक्क्याच्या आतच हलला आहे. ही माहिती हिशेबात घेतली की शक्यता ८७ टक्क्यांवर येते आणि अपेक्षित फरक सव्वा टक्क्यावरून ०.७ टक्क्यावर. तो दर ०.४ टक्क्याच्या आतच हलत असेल, तर शक्यता ७३ टक्के आणि फरक जेमतेम ०.२ टक्के उरतो. चॅनेल लहान असेल तर पूर्वधारणाच निकालावर स्वार होते, आणि ती कुठून आणली हे सांगितल्याशिवाय टक्केवारी सांगणे मला तरी फसवे वाटते.

माटुंगा_पूर्व: मग ज्याला जे हवे ती पूर्वधारणा तो निवडेल! निदान पी-मूल्य ०.०५ च्या खाली हवे ही पाच टक्क्यांची रेषा सर्वांना सारखी असते.

गिरगाव_गणित: रेषा सारखी असते, पण इथे ती कशाचे रक्षण करते? दोन्ही चित्रे तयार आहेत, बदलायला खर्च नाही. या व्हिडिओपुरती बशी ठेवायला ७३ टक्केही पुरतात. चुकलो तरी नुकसान थोडे. मात्र ‘यापुढे सर्व व्हिडिओंवर खाद्यपदार्थच दाखवायचे’ असा नियम करायचा असेल, तर एका व्हिडिओवरचे ९३ टक्केही अपुरे आहेत, आणि त्या बाबतीत मी तुमच्या बाजूला आहे.

नाट्यपदे: माझ्या चॅनेलवर यूट्यूबच्याच थंबनेल चाचणीत भडक चित्र हरले, जरी त्यावर क्लिक जास्त असावेत असा माझा समज होता. तिथे विजेता क्लिकवर नव्हे, पाहण्याच्या वेळेवर ठरतो. त्यामुळे क्लिक मोजणेच सोडून द्यावे.

गिरगाव_गणित: प्रश्न वेगळा आहे, तरी मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

शिवडी_स्टुडिओ: दोघांच्याही आधी मला मोजमापाची शंका आहे. थंबनेल दिवसाच्या कोणत्या वेळी बदलत होतात? यूट्यूब स्टुडिओतील दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार मोजला जातो. तिथली मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेबारा, आणि तिकडच्या हिवाळ्यात दीड.

इराणी_चहा: रोज रात्री बारा वाजता.

शिवडी_स्टुडिओ: म्हणजे पाटीच्या नावावर जमा झालेल्या प्रत्येक दिवसात दुसऱ्या सकाळची बशी मिसळली आहे, आणि बशीच्या दिवसात पाटी. अशी सरमिसळ खरा फरक लहान करून दाखवते, त्यामुळे बशी प्रत्यक्षात याहून सरस असू शकेल. पण एकाच माणसाला तेच थंबनेल तीनदा दिसले तर तीन इंप्रेशन धरली जातात, आणि दोन्ही कॅल्क्युलेटर त्यांना तीन स्वतंत्र माणसे समजतात. म्हणून खरी अनिश्चितता दाखवली त्याहून मोठी आहे. या दोन चुकांपैकी कोणती भारी पडते, हे या आकड्यांवरून मला सांगता येणार नाही. पुढच्या वेळी दुपारी साडेबाराला बदला.

माटुंगा_पूर्व: आणि किती दिवसांनी थांबणार ते आधीच लिहून ठेवा. रोज आकडा पाहून ९५ टक्के दिसताच थांबलात, तर सारख्याच चित्रांतूनही विजेता सापडण्याची वेळ वारंवार येईल, मग पद्धत बेझियन का असेना.

गिरगाव_गणित: सपाट, म्हणजे आधी काहीच ठाऊक नाही असे धरणाऱ्या, पूर्वधारणेसह, होय. आवळलेल्या पूर्वधारणेसह तो धोका बराच कमी होतो, पण यावर आपले एकमत होईल असे दिसत नाही.