नऊ मिनिटांच्या शॉर्टफिल्मला तीन अंक की सुटे प्रसंग?

पेठेतला_पोरगा: इस्त्रीवाल्यावर नऊ पानांची स्क्रिप्ट आहे, दोन व्हर्जन लिहिलीत. पहिल्यात त्याच्या हातून एका गिऱ्हाइकाचा लग्नातला शर्ट जळतो आणि संध्याकाळपर्यंत त्याला काहीतरी करायचंय, एकदम तीन अंकी. दुसऱ्यात नुसता टेबलापाशी एक दिवस, चार गिऱ्हाइकं येतात जातात, त्यातल्या एका आजोबांचा पांढरा शर्ट न्यायला कुणी येत नाही. टीम दोन गटांत फुटलीये. कुठलं करू?

सरळसोट: शर्ट जळतो तेच कर. दहा मिनिटांच्या आत प्रेक्षकाला पहिल्या मिनिटात अडचण दिसली नाही तर तो फोन बघायला लागतो. सुट्या प्रसंगांवाले बहुतेक जण शेवट सुचत नाही म्हणून सुटे प्रसंग करतात, राग मानू नको.

कात्री_वहिनी: सरळसोट, पहिलं वाक्य पटलं, दुसरं नाही. मी एडिट करते, माझ्याकडे दोन्ही प्रकारचं फुटेज येतं आणि फसतातही दोन्ही. पेठेतल्या, तुझ्या पहिल्या व्हर्जनमध्ये शर्ट कितव्या पानावर जळतो ते सांग आधी.

पेठेतला_पोरगा: चौथ्या. आधी त्याचं घर, बायको, उधारी दाखवलीये.

कात्री_वहिनी: म्हणजे पान म्हणजे मिनिट धरलं तर साडेतीन मिनिटं ओळखीतच गेली. तीन अंकांचं ते ३०-६०-३० पानांचं गणित दोन तासांच्या सिनेमाचं, ते प्रमाणात छोटं केलं तरी सव्वादोन मिनिटं ओळख होते आणि एवढ्याशा फिल्मला तीसुद्धा जास्त. वास पहिल्या मिनिटात यायला हवा. तो फोनवर बोलतोय, इस्त्री शर्टावर तशीच ठेवलेली, धूर, आणि उचलल्यावर कॉलरखाली तपकिरी त्रिकोण. बायको आणि उधारी नंतर कळू दे, तो शर्ट लपवतो कुठे आणि पैसे कुणाकडे मागतो त्यातूनच कळेल. आणि एक, जळायचा शॉट घेणार असशील तर त्याच रंगाचे चार-पाच शर्ट आणून ठेव, प्रत्येक टेकला एक जातो.

लग्नाचा_कॅमेरा: भाग पाडूनच टाकायचं असेल तर प्रत्येक भागाला थंबनेल वेगळं कर, आमच्या चॅनलवर पाच भाग टाकले, दुसऱ्यानंतर व्ह्यूज पडले.

पेठेतला_पोरगा: दादा एकच फिल्म आहे हो, सिरीज नाही 😅 वहिनी, मग सुटं व्हर्जन सोडूनच देऊ का? मला मनातून तेच आवडतं.

कात्री_वहिनी: सोडू नको, पण चार गिऱ्हाइकं नको. नवा माणूस आला की तो कोण, का आलाय हे कळेपर्यंत वीस-पंचवीस सेकंद जातात, चौघांची मिळून दीड मिनिट नुसती ओळख. तीन ठेव. आणि प्रत्येक प्रसंग कागदाच्या चिठ्ठीवर लिही, चिठ्ठ्या पिस. क्रम बदलूनही काही बिघडत नसेल तर ती फिल्म नाही, वाणसामानाची यादी आहे. तुझ्याकडे आजोबांचा शर्ट आहे, तो वापर. पहिल्या प्रसंगात तो टेबलावर, गरम, इस्त्रीवाला घडी घालतोय. दुसऱ्यात मागे हँगरवर, आपण बोलणाऱ्या बाईकडे बघतोय. तिसऱ्यात पण तिथेच, आता गिऱ्हाईक विचारतं, हा कुणाचा हो? आता चिठ्ठ्या हलवून बघ, हलणार नाहीत.

सरळसोट: मग हे तीन अंकीच झालं की, नाव वेगळं ठेवलं!

कात्री_वहिनी: नाही हो. शर्ट जळतो तिथे इस्त्रीवाल्याला काहीतरी करावं लागतं आणि त्याची किंमत मोजावी लागते. इथे तो काहीच करत नाही, रोजचं काम करतो, शर्ट किती वेळ तिथेच आहे ते मोजतो तो प्रेक्षक.

सरळसोट: प्रेक्षक मोजत बसेल ही आशा झाली. हँगर मागे धूसर असेल तर हॉलमध्ये दिसणारही नाही.

कात्री_वहिनी: हे मात्र बरोबर. मागच्या वर्षी एका फिल्ममध्ये असंच झालं, मागची वस्तू कुणाला दिसलीच नाही, शेवटचा प्रश्न हवेत गेला. चार प्रसंगांतला तिसरा मी कापला तर डायरेक्टरशिवाय कुणाला कळलंही नाही. म्हणून शूटला दुसऱ्या प्रसंगात इस्त्रीवाल्याची एक नजर हँगरकडे घेऊन ठेव, लागली नाही तर एडिटला काढता येते, नसली तर आणता येत नाही.

पेठेतला_पोरगा: चिठ्ठ्या पिसून बघितल्या आत्ता. कॉलेजच्या पोराचा प्रसंग कुठेही बसतोय 😐 नेमका तोच आमच्या प्रोड्युसरच्या भाच्याला दिलाय.

सरळसोट: मग शर्ट जाळ. आणि भाच्यालाच गिऱ्हाईक कर.