डीप क्लीनिंगला फुटामागे १० रुपये? (सोसायटी ग्रुप)

सी-३०२ : दिवाळीआधी घर डीप क्लीन करून घ्यायचं म्हणून एकाला विचारलं. फुटाला १० रुपये म्हणाला. माझ्या बहिणीचा पाथर्डी फाट्याला ३ बीएचके आहे, तिला ७ रुपये लावले. इंदिरानगरची हवा महाग आहे का? 😀

ए-२०१ : बी-५०४, तुमचा धंदाच हा. सांगा बघू, कशाचे १० रुपये?

बी-५०४ : काका, माझाच हिशोब मांडतो. माझ्याकडे चार माणसं महिन्याच्या पगारावर आहेत, सगळे मिळून ७८,००० रुपये. काम असो-नसो, पगार द्यावाच लागतो. महिन्यात कामाचे दिवस २६ धरले तरी प्रत्यक्षात काम मिळतं सरासरी १८ दिवस. म्हणून ७८,००० ला २६ ने नाही, १८ ने भागायचं. कामाच्या एका दिवसावर पगारच येतो साधारण ४,३३३. नवीन पोरं २६ ने भागून ३,००० धरतात आणि वर्षभरात धंदा गुंडाळतात.

ए-२०१ : आणि मशिनरीचा घसारा?

बी-५०४ : फरशी घासायचं मशीन, ओलं-सुकं व्हॅक्यूम, स्टीमर, घोडा-शिडी मिळून ६०,००० गेले. दोन वर्षं चालतील असं धरलं तर महिन्याला २,५००. ब्रश, पॅड, दुरुस्तीचे आणखी ११००. दिवसाला पडतात फक्त २००. लोकांना वाटतं मशीनचे पैसे घेतो, पण खरा खर्च माणसांचा आहे. केमिकल ३५०, टेम्पो ४००. एकूण ५,२८३. त्यावर २० टक्के, त्यातच जाहिरात, फोन, काही फुटलं-तुटलं आणि माझी मजुरी. झाले ६,३४०. ताई, तुमचा कार्पेट ६५० आहे ना? भागून बघा.

सी-३०२ : ९.७५ 😐

ए-१०४ : मग माझ्या ४०० फुटी १ बीएचकेचे ३,९०० होतील. चालेल की!

बी-५०४ : नाही होत हो काकू. वेळ फुटांवर जात नाही. २ बीएचकेला चौघांचे आठ तास म्हणजे ३२ माणूस-तास लागतात. त्यातले १५ किचन आणि दोन बाथरूममध्येच संपतात, कारण चिमणीच्या जाळीवरचं तेल आणि बोअरच्या पाण्याचे टाइल्सवरचे पांढरे क्षार. हॉलची फरशी मशीनने पटकन निघते. तुमच्याकडेही किचन अख्खंच आहे, बाथरूम फक्त एक कमी. २३ तास तरी जाणारच. चौघे सहा तासांत मोकळे होतील, पण उरलेल्या दोन तासांत दुसरं घर बसत नाही. माझा दिवस तुमच्याकडेच गेला.

ए-२०१ : तीनच माणसं पाठवा मग.

बी-५०४ : चौथा घरी बसला तरी त्याचा पगार चालूच आहे, काका. एकट्याला कुठे दुसरीकडे लावता आलं तरच वाचतात. माझ्या खर्चाने १ बीएचके फुटाला १५ च्या वर जातो. तेवढं कोण देणार? म्हणून मी १ बीएचकेला फुटाचा दर लावतच नाही, सरळ ५,८०० घेतो. मार्जिन कमी सुटतं, पण दिवस रिकामा जात नाही.

सी-३०२ : पण बहिणीचे ७ रुपये कसे?

ए-२०१ : तिला विचारा, ७ कशावर लावले? कार्पेटवर की सुपर बिल्टअपवर?

सी-३०२ : थांबा, फोन करते.

सी-३०२ : १,४०० वर. ९,८०० दिले तिने. कार्पेट १,००० आहे 🤦‍♀️

बी-५०४ : म्हणजे कार्पेटवर ९.८०, तुमच्याएवढेच. दीड दिवसाचं काम, टेम्पोच्या दोन फेऱ्या; माझाही आकडा ९,७०० च्या आसपास येतो. जिना-लिफ्टचे फूट कोणी पुसत नाही, पण मोठ्या आकड्याने भागलं की दर स्वस्त दिसतो.

ए-२०१ : मग कमी कसा होईल ते बोला.

बी-५०४ : माझे रिकामे दिवस भरा. दिवाळीत मला कामं नाकारावी लागतात, तेव्हा सूट देऊन काय उपयोग? पण जानेवारीत आपल्या सोसायटीत २ बीएचकेची सहा घरं लागोपाठ मिळाली तर १८ चे २४ दिवस होतात. पगार दिवसाला ३,२५० वर येतो, मशीन १५० वर. सामान पार्किंगमध्येच ठेवलं की टेम्पोचे घरटी शंभर-सव्वाशे. मी ७.२५ ने करून देईन. अट एकच, सहाही घरं लागोपाठ आणि रविवार सोडून. मध्ये एक घर गळलं तर त्या दिवसाचा पगार माझ्याच अंगावर.

ए-२०१ : सहाजणांकडून आधीच थोडे ॲडव्हान्स घ्या, म्हणजे गळणार नाहीत.

सी-३०२ : माझं नाव टाका. दिवाळीला किचन मीच घासते.

ए-१०४ : आणि माझे ५,८०० ?

बी-५०४ : जानेवारीत ४,५००, काकू. माळ्यावरची भांडी मात्र तुम्ही आधी उतरवून ठेवा, आमचा अर्धा तास तिथेच जातो.

ए-२०१ : टाकी धुवायचा दिवस सोडून तारखा द्या. पाणी नसेल तर मशीन काय कामाचं.